लोणच्याच्या बरण्या घरून पाठवायच्या तर: खोका, लेबल आणि पिकअप

अंबाजोगाईत आमच्या शेजारच्या काकू लोणचं आणि येसर मसाला करतात. ऑर्डर फोनवर येतात, पैसे फोनवर येतात, आणि मग सगळं अडतं ते खोक्यापाशी. पॅकिंगचं काम मी त्यांच्यासाठी करायला लागले, मग गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. एकीच्या शेंगदाणा आणि कारळाच्या चटण्या, दुसरीच्या गोधड्या. गोधडी पाठवणं सोपं असतं. घडी घाला, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वरून जाड कुरिअर बॅग, झालं. खरी परीक्षा तेलकट आणि फुटणाऱ्या मालाची. म्हणून इथे एकच पार्सल घेऊन शेवटपर्यंत सांगते: अर्धा-अर्धा किलो लोणच्याच्या दोन बरण्या आणि पाव किलो येसरचं एक पाकीट, अंबाजोगाईहून पुण्याला. हे एक जमलं की चटणी, तूप, मध, काकवी सगळं त्यातच बसतं.

आधी खोका, मग भाव

नवीन माणूस आधी कुरिअरचा भाव विचारतो. भाव विचारायच्या आधी टेप घेऊन खोका मोजायला बसा, कारण कुरिअरवाला फक्त काट्यावरचं वजन धरत नाही. तो खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतो, तिघांचा गुणाकार करतो आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतो. काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन आणखी जास्त निघतं. आपल्या कंपनीचा आकडा दरपत्रकात पाहून घ्या. जे उत्तर येतं त्याला आकारमानाचं वजन म्हणतात. ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात, आणि तेही सहसा अर्ध्या किलोच्या पायरीने. म्हणजे दोन किलोच्या वर पन्नास ग्रॅम गेले तरी अडीच किलोचे पैसे.

काकूंनी पहिल्यांदा किराणा दुकानातून साबणाचा रिकामा खोका आणला होता. चांगला मजबूत होता, फुकटही होता. माप ३५ × ३० × २५ सेंटिमीटर. गुणाकार २६,२५०, भागिले ५०००, उत्तर सव्वापाच किलो. म्हणजे साडेपाच किलोचे पैसे. आत माल होता दोन किलोचा. मी म्हटलं, "काकू, या खोक्यात नको. लोणच्यापेक्षा हवेचंच भाडं जास्त भराल." त्यांना काही पटेना. "अगं, मोठा असला की आत कागद जास्त कोंबता येतो, बरणी सुरक्षित राहते," हे त्यांचं म्हणणं. कागद कोंबता येतो हे खरंच, पण फुकटचा खोका फुकट पडत नाही. समजा अर्ध्या किलोमागे ४० रुपये लागतात. दोन किलोऐवजी साडेपाच किलो म्हणजे सात पायऱ्या जास्त, २८० रुपये. तेवढ्यात कोऱ्या खोक्यांची एक गड्डी येते.

मग आपल्या पार्सलला केवढा खोका हवा? बरणीपासून सुरुवात करा. आमची बरणी साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि बारा उंच. बबल रॅपचे दोन वेढे दिले की प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे साडेदहा रुंद आणि चौदा उंच. दोन बरण्या शेजारी ठेवल्या की लांबी एकवीस. बरणी आणि पुठ्ठा यांच्यात चहूबाजूंनी अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटांएवढी जागा कागदासाठी सोडा. खालीही तेवढीच. वरच्या अडीच सेंटिमीटरमध्ये येसरचं पाकीट आडवं बसतं आणि त्यावर घडीचा कागद. एवढ्याला आतलं माप साधारण २६ × १६ × १९ लागतं. पुठ्ठ्याची जाडी धरून बाहेरचं माप २७ × १७ × २०. गुणाकार ९,१८०, उत्तर १.८४ किलो. दोन किलोच्या आत बसलं.

इथे एक घोळ नेहमी होतो. खोके विकणारा माप इंचांत आणि आतलं सांगतो, कुरिअर बाहेरचं आणि सेंटिमीटरमध्ये मोजतं. दुकानदाराच्या मापावर हिशेब लावला की पायरी चुकते. खोका घरी आणल्यावर चिकटवून, बंद करून, बाहेरून मोजा.

आता काटा बघू. काचेची रिकामी बरणी झाकणासकट पाव किलोच्या आसपास असते. दोन बरण्या, त्यांतलं किलोभर लोणचं, पाव किलो येसर, वर खोका, बबल रॅप, कागद आणि टेप मिळून तीनशे ग्रॅम. बेरीज २.०५ किलो. पन्नास ग्रॅमसाठी अडीच किलोचे पैसे! म्हणून आम्ही दूर जाणाऱ्या मालासाठी काच सोडली आणि जाड प्लास्टिकची, खाण्याच्या मालासाठीच असलेली बरणी धरली. ती चाळीस ग्रॅमची. तेच पार्सल १.६३ किलो झालं आणि फुटायची भीतीही गेली. काकूंना काचेतलंच लोणचं शोभतं असं वाटतं, आणि ते बघायला शोभतंही. गावातल्या गिऱ्हाइकाला त्या अजून काचेतच देतात.

फुगलेलं पोट

खोका व्यवस्थित मोजूनही जास्त पैसे कापले जातात, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. भरताना कागद जरा जास्त दाबला जातो आणि झाकणाची पाकळी वर उचलली जाते. टेपने ओढून बंद केलं तरी मध्ये फुगवटा राहतो. कुरिअरच्या गोदामात मोजणी मशिनवर होते आणि मशीन सगळ्यात उंच ठिकाणची उंची धरतं. आपला खोका वीसऐवजी बावीस सेंटिमीटर झाला तर २७ × १७ × २२, गुणाकार १०,०९८, उत्तर २.०२. दोन सेंटिमीटरच्या पोटाने पायरी ओलांडली.

बंद केलेल्या खोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवा. पट्टी मधल्या भागावर डुगडुगली की खोका फुगलाय. उघडा, वरचा एक थर कागद काढा, पुन्हा बंद करा. आणि टेप लावल्यावर दोन फोटो काढून ठेवा: एक काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा, दुसरा मोजायची टेप लावून तिन्ही मापं दिसतील असा. लेबलही त्या फोटोंत आलं पाहिजे. वजनावरून तक्रार करायची मुदत मोजकी असते आणि फोटो नसेल तर तुमच्या म्हणण्याला काही किंमत नसते. एकदा माझ्याकडे फोटो होता पण त्यात लेबल नव्हतं, खोका कुणाचाही असू शकतो म्हणून तक्रार परत आली. चूक माझीच.

मोठाच खोका हाताशी असेल तर तो कापून उंची कमी करता येते. माल भरा, वरचा कागद ठेवा, मग चारही कोपऱ्यांच्या उभ्या कडा वरून खाली मालाच्या पातळीपर्यंत कापा. त्या पातळीवर पट्टी धरून बोथट सुरीने किंवा उलथन्याच्या दांड्याने रेघ दाबा, पुठ्ठा कापू नका, नुसती घडीची खूण उमटली पाहिजे. आता चारही बाजू आत मोडल्या की नवीन झाकण झालं. पहिल्यांदा वाकडं होतं, चौथ्यांदा दुकानातल्यासारखं होतं.

बरणी: तेल कुठून निघतं

मराठवाड्यात लोणच्याचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच. कैरी हाताशी येते तेव्हा बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात आणि पार्सल पत्र्याच्या गोदामात किंवा बंद गाडीत पडून असतं. तेल पातळ होतं, पसरतं आणि झाकणाच्या आट्यांतून वर चढतं. लोणचं ताजं असेल, अजून मुरत असेल, तर आत वायूही धरतो आणि झाकण आतून ढकलतो. म्हणून पहिली गोष्ट पॅकिंगची नसून काकूंच्या स्वयंपाकघरातली: घातल्या दिवशीचं लोणचं पाठवू नका. आधी मुरू द्या, मग भरा. दुसरी, बरणी गळ्यापर्यंत भरू नका. वर बोटभर जागा सोडा, पण फोडी तेलाखाली राहतील एवढं तेल असू द्या.

भरताना बरणीच्या काठावर मसाला लागतो. तिखटाचा एक कण काठावर राहिला तरी तिथे झाकण बसत नाही आणि तेल तिथूनच वाट काढतं. स्वच्छ कोरड्या कापडाने काठ आणि आटे पुसा. त्यावर झाकणाच्या आतली चकती किंवा चिकटणारं फॉईलचं सील, मग झाकण घट्ट. झाकणाभोवती गरम हवेने आवळणारी प्लास्टिकची पट्टी मिळते. ती गळती थांबवत नाही, झाकण कुणी उघडलं नाही एवढंच दाखवते.

मग बरणी वर्तमानपत्रावर उलटी करून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचं कडं उमटलं असेल तर ती बरणी जाणार नाही. काठ पुन्हा पुसा, झाकण बदला, पुन्हा एक रात्र. ही एक रात्र वाचवण्याच्या नादात मी एकदा सहा बरण्या तशाच पाठवल्या, त्यांतली एक गळली. एकच गळली, पण तेल खोक्यातून पाझरून लेबलवर आलं, लेबलवरची अक्षरं गेली आणि ते पार्सल कुणाचं हेच कुणाला कळेना. ते परतही आलं नाही.

म्हणून आता प्रत्येक बरणी आधी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड पिळून टेपने बंद, आणि बबल रॅप त्यावरून. गळलंच तर तेल पिशवीत राहतं. बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला, बरणीकडे. दोन वेढे शरीराला, एक तुकडा बुडाला, एक झाकणावर. बुड आणि झाकण लोक विसरतात आणि बरणी तिथेच आपटते.

बरणीवरच्या चिठ्ठीबद्दल थोडक्यात: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या नोंदणीचा, चौदा अंकी क्रमांक. क्रमांक अजून काढला नसेल तर खोक्यांची गड्डी आणण्याआधी तो काढा.

खोका भरणं आणि टेप

काचेसाठी पाच थरांचा पुठ्ठा, प्लास्टिकच्या बरण्यांसाठी तीन थरांचा पुरतो. जुना खोका वापरायचा तर तो ओला होऊन वाळलेला नसावा. अंगठ्याने कोपरा दाबा. मऊ लागला तर रद्दीत.

तळाला चुरगळलेल्या कागदाचा दोन बोटं थर. कागद गोळा करून टाका, घडी घालून टाकला तर तो दबत नाही आणि धक्काही शोषत नाही. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा उभा तुकडा, म्हणजे त्या एकमेकींना लागणार नाहीत. कडेला कागद, वर येसरचं पाकीट, त्यावर एक घडी. आत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली एक चिठ्ठी टाका. बाहेरचं लेबल निघालं तर गोदामात खोका उघडून हीच चिठ्ठी बघतात. कडबा, भुसा, वाळलं गवत भरू नका. त्यातून किडे येतात आणि खाण्याच्या मालात ते शोभतही नाही.

बंद करून कानाशी धरा आणि हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर कागद कमी पडलाय. काहीच सरकत नाही पण पट्टी डुगडुगते तर कागद जास्त झालाय. या दोन्हींच्या मधली जागा हाताला लवकरच कळायला लागते.

टेप दोन इंची, तपकिरी किंवा पारदर्शक. आधी खोक्यावरची धूळ पुसा. आमच्याकडे वारं सुटलं की दारात ठेवलेल्या खोक्यावर तासाभरात धुळीचा थर बसतो आणि टेप धुळीला चिकटते, पुठ्ठ्याला नाही. मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही टोकांना तीन बोटं खाली उतरेल अशी. मग दोन्ही आडव्या कडांवर एकेक. वरून बघितलं तर आडवा पडलेला एच दिसतो. खालच्या बाजूलाही असंच, कारण माल तळातून निसटतो, वरून कधी निसटत नाही. माझी आजी पार्सल मांजरपाटात शिवून, सुतळी बांधून, गाठीवर लाख लावून पोस्टात न्यायची. आता सुतळी बांधू नका. गोदामात पट्ट्यावरून माल जातो, सुतळी त्यात अडकते आणि खोका फाटतो.

पहिला खोका गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी घरातच पाडून बघा. बरणीत लोणच्याऐवजी तेवढ्याच वजनाची वाळू आणि पाणी भरा, नेहमीसारखं पॅक करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून, म्हणजे साधारण पाऊण मीटरवरून, फरशीवर सोडा. आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर, मग सहाही बाजूंवर. दहा वेळा. उघडून बघा. काकू हे बघायला दारात उभ्या होत्या आणि प्रत्येक आवाजाला "अगं बाई" म्हणत होत्या. झाकणावर ओल दिसली, ती बुडापेक्षा झाकणाकडे कागद कमी होता म्हणून. तेव्हापासून वरची घडी आली.

'नाजूक माल' असा लाल स्टिकर लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पिकअपवाल्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत तुमचा खोका कसा बसेल ते जागा ठरवते, स्टिकर नाही. पार्सल उलटं प्रवास करणार हे धरूनच बांधा.

लेबल, आणि ४१३ की ४३१

मराठवाड्यात पिन कोडचा एक सापळा आहे. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड यांचे बहुतेक पिन ४३१ ने सुरू होतात. लातूर आणि धाराशिव मात्र सोलापूरसारखे ४१३ ने. बोलताना, लिहिताना तीन आणि एकाची अदलाबदल होते आणि दुर्दैवाने पुढचे तीन आकडे दोन्हीकडे चालतात. अंबाजोगाई ४३१५१७, उदगीर ४१३५१७. लातूर ४१३५१२, तर ४३१५१२ म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं वसमत.

उदगीरच्या एका ताईंचं पार्सल मी ४३१५१७ घालून पाठवलं. पार्सल गावातल्या गावात फिरलं. चौथ्या दिवशी डिलिव्हरीवाल्या मुलाने त्यांना फोन केला, "ताई, मी तुमच्या गल्लीत उभा आहे, घर सापडत नाही." त्या उदगीरमध्ये दारात उभ्या राहून त्याला शोधत होत्या आणि हा अंबाजोगाईत! वीस मिनिटांनी उलगडा झाला.

पिन टाकल्यावर अ‍ॅप शहराचं नाव आपोआप भरतं. ते नाव वाचा. गिऱ्हाईक उदगीर म्हणतंय आणि पडद्यावर अंबाजोगाई दिसतंय, तर तिथेच थांबायचं होतं, मी थांबले नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: काही ठिकाणी शहराचं नाव अजून औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असं येतं. ती चूक नाही, पिन बरोबर असला की झालं.

पत्ता मागताना गिऱ्हाईक लिहितं, "मारुती मंदिराजवळ, पिंपळगाव." पिंपळगावं आणि वडगावं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. मु. पो., ता., जि. हे चारही वेगळे मागा, पिन वेगळा मागा आणि दुसरा एक फोन नंबर मागा. घरातली बाई ऑर्डर देते आणि दुपारी फोन मुलाकडे असतो, असं फार होतं.

लेबल घरच्या साध्या प्रिंटरवर काढलं तरी चालतं. ए-फोरच्या एका पानावर चार बसतात. शाईचा प्रिंटर असेल तर मात्र पाणी लागलं की शाई पसरते, म्हणून लेबल पारदर्शक पाकिटात घालून ते पाकीट खोक्यावर चिकटवा. दिवसाला दहा-बारा पार्सलं जायला लागली की चार बाय सहा इंचांचा थर्मल प्रिंटर घ्यायचा विचार करा. त्याला शाई लागत नाही, कागदच उष्णतेने काळा होतो. म्हणूनच तो उन्हात, गाडीच्या काचेखाली ठेवला की लेबल पुसट किंवा डागाळलेलं होतं, आणि तेलाचा हात लागला तर अक्षरं उडतात. लोणचं भरलेल्या हातांनी लेबल लावू नका. थर्मल लेबलवर पारदर्शक टेपही मारू नका; टेपच्या गोंदाने काही दिवसांत छपाई फिकट होते आणि टेपच्या चकाकीने स्कॅनरला बारकोड वाचता येत नाही.

लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर, कडेवरून न दुमडता, टेपच्या फटीवर न येता. आणि जुना खोका असेल तर त्यावरचे सगळे जुने बारकोड काळ्या मार्करने पूर्ण मारा किंवा फाडा. मशीनला नवं-जुनं कळत नाही, जो बारकोड समोर येतो तो ती वाचते. आमचा एक खोका याच कारणाने भलत्याच शहराची सहल करून आला.

पिकअप

एखाद्या गावात कुरिअर माल पोचवतं याचा अर्थ तिथून उचलतंही असा नाही. तालुक्यांत, खेड्यांत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नोंदणी करताना आपला पिन टाकून पिकअप मिळतं का हे आधी बघा. मिळत नसेल तर दोन वाटा आहेत: तालुक्याच्या शाखेत स्वतः नेऊन देणं, किंवा पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट. केज रस्त्यावरच्या एका खेड्यातली मुलगी आठवड्यातून दोन दिवस सगळे खोके एकदम आणते, ते मला परवडण्यासारखं वाटतं. रोज एकेकासाठी एसटीचं तिकीट काढण्यात नफा जातो.

पिकअपची नोंद आदल्या संध्याकाळी करा. लेबलंही आदल्याच संध्याकाळी छापा. ऐनवेळी लाईट जाते आणि मुलगा दारात येतो तेव्हा प्रिंटर बंद असतो. वजन आणि माप भरताना बाहेरचं, खरं माप भरा. कमी लिहून कुणाचे पैसे वाचलेले मी पाहिले नाहीत, फरक नंतर कापला जातोच.

मुलगा साधारण चार ते सहाच्या दरम्यान येतो. त्याला घाई असते, त्याच्या मोटारसायकलवर मागच्या पाच गल्ल्यांचा माल असतो. तरी प्रत्येक खोका त्याने तुमच्यासमोर स्कॅन केला पाहिजे. "ताई, शाखेत जाऊन करतो," असं म्हणाला तर गोड बोलून थांबवा, पाणी द्या, पण स्कॅन करून घ्या. स्कॅन झालं की तुमच्या फोनवर `Out for Pickup` जाऊन `Picked Up` येतं. जोवर ते येत नाही तोवर कागदोपत्री खोका तुमच्याच घरात आहे, आणि तो हरवला तर तुमच्याच घरात हरवला. नेटवर्क नसल्यामुळे स्कॅन होत नसेल तर खोक्यांची यादी दोन प्रतींत काढा, प्रत्येकावर त्याची सही आणि वेळ घ्या, आणि त्याच्या हातात खोके असलेला फोटो काढा. चांगली मुलं याला कधी नाही म्हणत नाहीत.

कधी मुलगा येतच नाही आणि अ‍ॅपवर मात्र माल तयार नव्हता असा शेरा पडतो. आमच्या बाबतीत झालंय. त्याच वेळी तयार खोक्यांचा वेळेसकट फोटो तक्रारीला जोडा आणि दुसऱ्या दिवशीचं पिकअप पुन्हा मागा. दोनदा असं झालं तर शाखेचा नंबर मिळवून थेट तिथल्या माणसाशी बोला. अ‍ॅपपेक्षा लवकर काम होतं.

पार्सल पोचल्यावर पैसे घ्यायची सोय लोणच्यासाठी ठेवू नका, किंवा ठेवली तर पाठवायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करा. न घेतलेलं पार्सल परत येतं तेव्हा जायचं भाडं आणि यायचं भाडं दोन्ही तुमच्याकडून जातं, आणि तोवर बरणी किती दिवस उन्हात फिरली हे कुणाला ठाऊक नसतं.

परत आलेला खोका वाचणं

फुटून किंवा गळून परत आलेला खोका लगेच फेकू नका. गिऱ्हाइकाकडेच गळलेला सापडला तर आत्ताच पुसू नका म्हणून सांगा आणि बाहेरून सहाही बाजूंचे, आतून कागदाचे आणि बरणीचे फोटो मागवा. भरपाईसाठी ते लागतातच, पण त्याहून जास्त ते आपल्याला लागतात.

कोपरा आत गेला असेल आणि बरणी त्याच बाजूला फुटली असेल, तर खोका पडला आणि तिथला कागद कमी होता. कोपरे शाबूत आहेत, पण वरची बाजू खाली दबली आहे, तर त्यावर जड माल रचला गेला. पुठ्ठा पाच थरांचा करा किंवा वरची पोकळी भरा. बाहेरून खोका नव्यासारखा आणि आत तेल, तर कुरिअरचा काही दोष नाही, काठ पुसायचा राहिला किंवा रात्रभर उलटी ठेवली नाही. तेलाचा डाग पिशवीच्या आत आहे की बाहेर, तेही बघा. बाहेर असेल तर पिशवीचं तोंड नीट पिळलं नव्हतं. परत आलेलं लोणचं, सील शाबूत असलं तरी, आम्ही पुन्हा विकत नाही. काकू ते उघडून वास घेतात, चमचाभर चाखतात आणि चांगलं निघालं तर घरच्या जेवणाला लावतात.